अडुसष्ट पानांचा करारनामा आणि एक फुलस्केप कागद

*ताई, नमस्कार. पहिल्यांदाच फ्लॅट घेतोय. बेसा भागात स्टिल्ट अधिक सहा मजल्यांची स्कीम आहे, त्यात चौथ्या मजल्यावर टूबीएचके, किंमत ४८ लाख. बुकिंगचे ४ लाख ८० हजार दिले. आता करारनाम्याचा मसुदा आलाय, ६८ पानं, सगळा इंग्रजीत. दोनदा वाचला. पण पैसे कधी किती द्यायचे, ताबा नेमका कधी आणि उशीर झाला तर कोण कोणाला किती देणार, हे बाबांनी विचारलं तर सांगता येत नाही. बिल्डरच्या ऑफिसातून येत्या शुक्रवारी रजिस्ट्री करू म्हणतात, आणि ‘हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, यातला शब्द बदलत नाही’ असंही सांगतात. पीडीएफ सोबत जोडली आहे. हे सगळं एका पानावर कसं आणू?*
*— एक वाचक, मानेवाडा*

तुमचा मसुदा वाचला. पहिल्या पानापासून सुरुवात केली म्हणून तुम्ही थकलात. पहिली चौदा पानं जमिनीचा इतिहास सांगतात: मूळ मालक कोण, सातबारा कुणाच्या नावावर होता, अकृषक कधी झालं, नकाशा कुणी मंजूर केला. ते तपासायचं काम वकिलाचं. त्याला टायटल सर्च करायला सांगा आणि ती पानं तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं पान १७ ते ३४ मध्ये आणि शेवटच्या दोन परिशिष्टांत आहेत. म्हणजे ६८ पैकी वाचायची पानं जेमतेम पंचवीस.

एक फुलस्केप कागद आडवा घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात पान आणि कलम क्रमांक. दुसऱ्यात मसुद्यातलं वाक्य जसंच्या तसं, आपल्या शब्दांत नाही. तिसऱ्यात त्याचा अर्थ, पण तो रुपयांत किंवा कॅलेंडरवरच्या तारखेत. चौथा रकाना शंकेचा. तिसऱ्या रकान्यात ‘लवकरात लवकर’, ‘नियमाप्रमाणे’, ‘योग्य तो’ असलं काही लिहायचं नाही. आकडा किंवा तारीख निघत नसेल तर तो रकाना रिकामा सोडा. जिथे जागा रिकामी राहते तिथेच बिल्डरला प्रश्न विचारायचा असतो. मसुद्याची भाषा आपल्या शब्दांत गुळगुळीत करून लिहिली की ही भोकं बुजतात आणि सारांश वाचून उगाच समाधान वाटतं.

आता पैसे. परिशिष्ट ‘सी’ मध्ये तुमच्या हप्त्यांचा तक्ता आहे. बुकिंगला १० टक्के, करारनामा नोंदवल्यावर २०, प्लिंथ म्हणजे जोत्याला १५, मग सात स्लॅब प्रत्येकी ५ टक्के, भिंती-प्लास्टर-फरशी-दारंखिडक्यांना ५, प्लंबिंग आणि बाहेरच्या प्लास्टरला ५, लिफ्ट-पंप-वीज-लॉबीला ८ आणि ताब्याच्या पत्राला २. बेरीज १००, त्यामुळे कुणालाच काही खटकत नाही. यात एक रकाना वाढवा, ‘आतापर्यंत एकूण’. नोंदणीनंतर ३०, प्लिंथनंतर ४५, स्लॅब संपले की ८०, मग ८५, ९०, ९८, १००.

रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा. त्याच्या महाराष्ट्रातल्या नियमांबरोबर २०१७ साली करारनाम्याचा एक आदर्श नमुना आला. त्यात हीच एकूण टक्केवारी टप्प्याटप्प्याने बांधून दिली आहे. करारानंतर ३० च्या वर नाही, प्लिंथला ४५ च्या वर नाही, सगळे स्लॅब झाल्यावर ७०. भिंती-प्लास्टर-फरशीला ७५, सॅनिटरी, जिने आणि लॉबीला ८०, बाहेरचं प्लास्टर, प्लंबिंग आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ८५, लिफ्ट-पंप-वीज झाल्यावर ९५, आणि उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची सरकारी परवानगी, आल्यावर ताब्याच्या वेळी. तुमच्या तक्त्यात प्लिंथपर्यंत सगळं या चौकटीत बसतं. गडबड स्लॅबमध्ये आहे. एकेक ओळ ‘५ टक्के’ म्हणून साधी दिसते, पण सात वेळा पाच म्हणजे ३५, आणि नमुन्यात त्या जागी २५ आहेत. उरलेले १० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार रुपये तुम्ही आधीच देऊन बसाल. कर्जाचा दर ८.५ टक्के धरला आणि हे पैसे दहा महिने आधी उचलले, तर ३४ हजार रुपये व्याज फुकट जातं. व्याजाहूनही मला शेवटच्या हप्त्याची जास्त काळजी वाटते. ताब्याच्या वेळी तुमच्या हातात फक्त ९६ हजार रुपये उरतात, नमुन्याप्रमाणे २ लाख ४० हजार उरले असते. न बसलेली खिडकी आणि गळणारा नळ दुरुस्त करून घ्यायला तुमच्याकडे हाच पैसा असतो, दुसरं काही नाही.

बिल्डरला सुचवायला सोपी मांडणी अशी: सहा स्लॅब साडेतीन टक्क्यांनी आणि सातवा चार टक्क्यांनी, म्हणजे बरोबर २५. तिथून पुढे ५, ५, ५, १० आणि शेवटी ५. त्याला एकूण पैसे तितकेच मिळतात, फक्त काम पुढे सरकेल तसे.

टप्प्यांच्या नावांमध्येही एक-दोन ठिकाणी थांबायला हवं. मसुद्यात ‘स्लॅबचं काम सुरू करतेवेळी’ असं लिहिलंय. सुरू होणं म्हणजे काय, सेंट्रिंगच्या दोन फळ्या आल्या की झालं? ‘स्लॅब टाकून पूर्ण झाल्यावर’ असे शब्द मागा, कारण टाकलेला स्लॅब रस्त्यावरूनही दिसतो. दुसरं, तुमच्या स्कीममध्ये दोन विंग आहेत आणि तक्त्यात कुठल्या विंगचे स्लॅब ते लिहिलेलंच नाही. तुमचा फ्लॅट ‘बी’ मध्ये. ‘ए’ विंग पुढे गेली म्हणून तुम्हाला मागणीपत्र येऊ शकतं, आणि कागदावर ते चुकीचंही ठरणार नाही. प्रत्येक टप्प्यापुढे ‘बी विंग’ हे दोन शब्द हवेत. मागणीपत्रासोबत आर्किटेक्टचा किंवा इंजिनिअरचा दाखला द्यायचा, हेही लिहून घ्या. तो त्याला जड नाही. खरेदीदारांचे पैसे ज्या वेगळ्या रेरा खात्यात ठेवावे लागतात त्यातून पैसे काढताना त्याला असे दाखले तसेही घ्यावेच लागतात.

प्रत्येक हप्त्यावर जीएसटी वेगळा, हे तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात आहे. ४५ लाखांच्या आतल्या आणि चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपेक्षा जास्त नसलेल्या फ्लॅटला नागपुरात १ टक्का लागतो. तुमचा ४८ चा, म्हणून ५ टक्के. म्हणजे आता आहे तसा ५ टक्क्यांचा स्लॅब २ लाख ४० हजारांचा नसून २ लाख ५२ हजारांचा. कागदावर हाच आकडा लिहा, कारण खात्यातून तोच जाणार आहे. बुकिंगच्या रकमेवरचे २४ हजार भरले का, तेही पावतीवर बघून घ्या.

नोंदणीच्या दिवसाचं एक सांगते, कारण ऑफिसवाले इथेच घाई करतात. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३ तसं सांगतं. तुम्ही १० टक्के देऊन चुकलात. ‘शुक्रवारी रजिस्ट्री आहे, गुरुवारीच २० टक्के टाकून द्या’ असा फोन आला तर शांतपणे सांगा, नोंदणीची पावती हातात आली की त्याच दिवशी आरटीजीएस करतो. ४८ लाखांच्या फ्लॅटला बँक जास्तीत जास्त ८० टक्के म्हणजे ३८ लाख ४० हजार देऊ शकते. तुमच्या वाट्याचे ९ लाख ६० हजार, त्यातले निम्मे गेले, आणि उरलेले निम्मे बँक आपला पहिला चेक काढण्याआधी मागते. म्हणजे नोंदणीनंतरच्या २० टक्क्यांतले ४ लाख ८० हजार तुमच्या खिशातून, उरलेले बँकेकडून. मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी त्याच दिवसांत लागते आणि ती कर्जात बसत नाही.

आता ताबा. तुमच्या ताब्याची तारीख तीन ठिकाणी बघावी लागते, दोन मसुद्यातच आणि तिसरी मसुद्याबाहेर. कलम ९.१ म्हणतं, प्रवर्तक म्हणजे बिल्डर ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत ताबा देण्याचा ‘प्रयत्न करील’. कलम ९.२ सहा महिन्यांची सवलत देतं. आणि महारेरा, म्हणजे रेरा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर या प्रकल्पाची पूर्ण होण्याची तारीख आहे ३० जून २०२८. ती मी उघडून पाहिली. सहा महिन्यांची सवलत धरली की बरोबर तीच तारीख येते. म्हणजे मनातली तारीख त्याने महारेराला सांगितली आणि तुम्हाला डिसेंबर दाखवला. यात बेकायदेशीर काही नाही. पण घरभाडं आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी किती महिने भरायचा हे तुम्ही डिसेंबरवरून ठरवणार असाल, तर हिशेब सहा महिन्यांनी चुकेल.

कागदावर कुठली तारीख लिहायची? करारनाम्यात लिहिलेली. उशिराचा हक्क रेरा कायद्याच्या कलम १८ खाली आहे आणि तो करारनाम्यातल्या तारखेपासून मोजला जातो. प्रकल्प नोंदवताना बिल्डरने महारेराला पुढची तारीख दिली म्हणून खरेदीदाराशी केलेला करार बदलत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्येच सांगितलं. मात्र सवलतीचं कलम तुम्ही सही करून मान्य केलंत की तुमची तारीख ३० जून २०२८ होते. म्हणून दोनपैकी एक मागा: ‘प्रयत्न करील’ ऐवजी ‘देईल’ आणि सवलत काढून ३१ डिसेंबर २०२७. नाहीतर सरळ ३० जून २०२८, पण त्यापुढे एक दिवसही नाही. दुसरा पर्याय मला वाईट वाटत नाही. खरी तारीख उशिराची असली तरी तिच्यावर घरखर्च आखता येतो.

कलम ९.३ मध्ये मुदत आपोआप वाढण्याची कारणं आहेत: युद्ध, पूर, सरकारी आदेश, आणि त्याच ओळीत ‘मजुरांची कमतरता, सिमेंट-लोखंडाची टंचाई, खरेदीदारांकडून हप्ते थकणे’. पहिली तीन नमुना कराराच्या वळणाची आहेत. पुढची तीन बिल्डरने स्वतः जोडली. दिवाळीनंतर मजूर गावाला जातात हे नागपुरात प्रत्येक कंत्राटदाराला ठाऊक असतं, ते काही आभाळातून पडलेलं संकट नव्हे. आणि दुसऱ्या कुणाचा हप्ता थकला तर तुमच्या ताब्याची तारीख का सरकावी? ही तीन कारणं खोडायला सांगा.

मी स्वतः या खड्ड्यात पडलेय, म्हणून हे कलम वाचताना माझी बोटं थांबतात. २००८ साली, रेरा नव्हता तेव्हा, आम्ही नरेंद्रनगरच्या बाजूला फ्लॅट घेतला. करारात लिहिलं होतं, ‘नकाशा मंजुरीपासून २४ महिन्यांत ताबा’. आम्ही करार केल्याच्या दिवसापासून मोजले आणि यजमानांनी नव्या कॅलेंडरवर लाल गोल काढून ठेवला. नकाशाची मंजुरी आली तेरा महिन्यांनी. बिल्डर आम्हाला म्हणाला, ‘वहिनी, मी कुठे उशीर केला, आत्ताशी तर घड्याळ सुरू झालं.’ त्याच्या कागदाप्रमाणे तो खरं बोलत होता. ते कॅलेंडर रद्दीत गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. तेव्हापासून ‘अमुक झाल्यापासून इतके महिने’ असं वाक्य दिसलं की मी विचारते, ते अमुक झालंय का, आणि त्याचा कागद कुठे आहे.

ताबा म्हणजे नेमकं काय, हे तुमच्या मसुद्यात कलम ११ मध्ये दडलंय. त्यात म्हटलंय की भोगवटा प्रमाणपत्रासाठी ‘अर्ज केल्यावर’ बिल्डर ताब्याचं पत्र पाठवेल आणि पत्राच्या तारखेलाच ताबा दिला असं समजलं जाईल. अर्ज करणं आणि प्रमाणपत्र मिळणं यांच्यात महिने जाऊ शकतात. तुमच्या स्कीमचा नकाशा एनएमआरडीएने, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मंजूर केलाय, तेव्हा भोगवटा प्रमाणपत्रही तिथूनच यायचंय. पण या कलमामुळे उशिराचं घड्याळ अर्जाच्या दिवशीच थांबतं, शेवटचा हप्ता देय होतो आणि सात दिवसांनी मेंटेनन्स सुरू होतो. घरात राहायला जाणं मात्र कायद्याने बंदच. ‘अर्ज केल्यावर’ हे दोन शब्द काढून ‘मिळाल्यावर’ एवढा एकच शब्द घाला. अख्ख्या मसुद्यात मला एकच बदल मिळणार असेल तर मी हा मागेन.

तिसरं, दंड. पान २९ वर: तुमचा हप्ता थकला तर वार्षिक १८ टक्के. पान ३१ वर: बिल्डरकडून उशीर झाला तर दरमहा चौरस फुटाला ५ रुपये. दोन पानांचं अंतर आणि दोन वेगळी मापं, म्हणून शेजारी ठेवून कुणी बघत नाही. तिसऱ्या रकान्यात रुपये लिहिले की चित्र दिसतं. तुमचं चटई क्षेत्र ७२० चौरस फूट, म्हणजे बिल्डर महिन्याला ३,६०० रुपये देणार. बेसा सोडा, मानेवाड्यातही एवढ्या भाड्यात आज टूबीएचके मिळणार नाही.

कायदा काय म्हणतो? दोन्ही बाजूंना व्याजाचा दर एकच. महाराष्ट्राच्या नियमात तो स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जाचा पायाभूत दर, अधिक २ टक्के असा आहे. बँकेचा दर बदलत राहतो, म्हणून हिशेबासाठी मी एकूण ११ टक्के धरते. तुमच्या वेळचा दर बँकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बिल्डरच्या उशिराचं व्याज तुम्ही तोवर भरलेल्या सगळ्या रकमेवर, ताबा मिळेपर्यंत दर महिन्याला. तुमच्या आत्ताच्या तक्त्याप्रमाणे लिफ्टच्या टप्प्यापर्यंत ९८ टक्के, म्हणजे ४७ लाख ४ हजार भरलेले असतील. त्याचे ११ टक्के, बाराने भागून, महिन्याला ४३,१२० रुपये. पाच रुपये फुटाच्या हिशेबाच्या जवळपास बारापट. मघाची ती सहा महिन्यांची सवलत आठवते? सगळे पैसे भरून झाले असतील तर तिची किंमत २ लाख ५८ हजार ७२० रुपये आहे. सवलत हा शब्द वाचताना एवढा महाग वाटत नाही.

तुमच्या बाजूचा दंड रकमेने लहान आहे. पाच टक्क्यांचा एक स्लॅब वीस दिवस थकला तर १८ टक्क्यांनी साधारण २,३७० रुपये, ११ टक्क्यांनी १,४५०. यात नऊशे रुपयांचा फरक आहे, त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका. खरा धोका पुढच्या कलमात आहे.

पान ३० वर म्हटलंय, मागणीपत्रापासून सात दिवसांत पैसे द्यायचे, आणि तीनदा हप्ता चुकला तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन बिल्डर करार रद्द करू शकतो. तीन चुका आणि पंधरा दिवस हे नमुना करारातही आहे. सुटं वाचलं तर वावगं वाटत नाही. पण ते हप्त्यांच्या तक्त्याशेजारी ठेवा. सात स्लॅब, काम जोरात असेल तर साधारण तीन आठवड्यांना एक. मागणीपत्र आलं की तुम्ही ते बँकेत देणार, बँकेचा इंजिनिअर साइट बघणार, मग पैसे सुटणार. यात दहा-बारा दिवस सहज जातात. म्हणजे तुमची काही चूक नसताना दर स्लॅबला सात दिवसांची मुदत मोडेल आणि तिसऱ्या स्लॅबला तुम्ही कागदोपत्री तीनदा चुकलेले व्हाल. एरवी कुणी करार रद्द करणार नाही. पण बेसा भागात भाव वाढले आणि चौथ्या मजल्याला कुणी ५५ लाख द्यायला तयार झालं, तर हे कलम आठवतं. रद्द केल्यावर कापायचे २० टक्के लिहिलेत. २० टक्के म्हणजे ९ लाख ६० हजार, तुमच्या खिशातला झाडून सगळा पैसा. उरलेली रक्कम ‘फ्लॅट दुसऱ्याला विकल्यानंतर’ परत. नमुन्यात परतीला ३० दिवस आहेत.

इथे तीन गोष्टी मागा: सात दिवसांऐवजी वीस दिवस, कर्जाची रक्कम बँकेकडून सुटायला लागलेला वेळ चूक न धरणं, आणि परतीला ३० दिवसांची मुदत. कापायच्या टक्क्यांवर घासाघीस करावीच लागेल. वीसवरून दहावर तरी आणा.

तुम्ही म्हणाल, कायदाच बिल्डरच्या विरुद्ध आहे तर सही करून टाकू, पुढे बघू. एकतर्फी कलमं खरेदीदारावर लादता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटलंय, हे खरं. महारेराकडे तक्रार करता येते, आदेश मिळतो, आणि बिल्डरने पैसे दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. पण तक्रार, सुनावणी, आदेश, वसुलीचं वॉरंट हा रस्ता लांब असतो, आणि त्या काळात हप्ता आणि भाडं दोन्ही तुम्हीच भरता. आज एका ईमेलने जे बदलतं त्यासाठी उद्या फाइल घेऊन फिरू नका.

बाबांना दाखवायचा कागद शेवटी साधारण असा दिसेल. मी तुमच्याच मसुद्यावरून काही ओळी भरून दाखवते:

पान ६१, परिशिष्ट सी – ‘प्रत्येक स्लॅब सुरू करतेवेळी ५ टक्के’ – २,५२,००० रुपये, सात वेळा – शंका: कुठली विंग? सुरू की पूर्ण? एकूण ८० टक्के का, ७० का नाही?

पान २२, कलम ९.१ व ९.२ – ‘प्रयत्न करील’, ‘सहा महिने सवलत’ – ३० जून २०२८ – शंका: ही शेवटची तारीख आहे का?

पान २६, कलम ११ – ‘भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्यावर’ – (रिकामं) – शंका: मिळाल्यावर हवं.

पान ३१, कलम १४ – ‘चौरस फुटाला ५ रुपये’ – ३,६०० रुपये महिना. रेरा नियमाने सुमारे ४३,००० – शंका: दोन्ही बाजूंना एकच दर हवा.

असा कागद दहा-बारा ओळींत संपतो. त्याला कायद्याने काही किंमत नाही, सही होते ती ६८ पानांवरच. म्हणून चौथ्या रकान्यातल्या शंका उचलून बिल्डरच्या ऑफिसला ईमेल करा. फोनवर नको, व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोट तर अजिबात नको. ‘होऊन जाईल साहेब, टेन्शन काहून घेता’ असं तोंडी उत्तर आलं तर तेच वाक्य मसुद्यात टाइप करून मागा. बदल मूळ कलमातच व्हायला हवा. वेगळ्या पत्रावर दिलेलं आश्वासन आणि करारनामा यांत विरोध आला तर करारनामाच ग्राह्य, असं तुमच्या पान ४४ वर लिहून ठेवलेलं आहे.

आता तो ‘स्टँडर्ड फॉरमॅट’. प्रकल्प नोंदवताना बिल्डरला करारनाम्याचा प्रस्तावित मसुदा महारेराकडे द्यावा लागतो आणि तो संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर कागदपत्रांत असतो. maharera.maharashtra.gov.in वर जा, ब्रोशरवरचा नोंदणी क्रमांक टाका, तो मसुदा उतरवून घ्या आणि तुमच्या परिशिष्ट सी, कलम ९, ११ आणि १४ शेजारी ठेवून ओळीओळीने वाचा. तासाभराचं काम आहे, गुरुवारच्या आत करा. दोन्हींत फरक निघाला तर ती पानं ईमेलला जोडा आणि एवढंच विचारा, की यातला स्टँडर्ड कुठला. उत्तर येईपर्यंत शुक्रवारची वेळ पुढे ढकला. भाव वाढेल अशी भीती कुणी घातली तर बुकिंगचा फॉर्म काढून बघा. त्यावर तुमच्या फ्लॅटचा नंबर, ४८ लाखांचा आकडा आणि त्यांचा शिक्का आहे, पीडीएफच्या शेवटच्या पानावर तुम्हीच जोडलाय.